पायमशीन टाके सोडतं आणि खाली गुंता करतं: दुरुस्तीच्या नोंदी

४ जून

मशीन मावशींचं आहे. काळं, लोखंडी, पायडलचं घरगुती मशीन, ज्याला दुकानदार पंधरा क्लासचं म्हणतात ते. डाव्या बाजूला खाली सरकपट्टी, तिच्या आत बॉबिन केस आणि शटल, म्हणजे सुईच्या दोऱ्याचा फास पकडणारा टोकदार हलता भाग. मावशी शाळेचे गणवेश शिवून देतात. शाळा उघडायला आता फार दिवस नाहीत, आणि कापलेल्या कापडाचा गठ्ठा तसाच पडून आहे.

तक्रारी दोन आहेत. शिवणीत मध्येच टाका सुटतो. चार-पाच टाके चांगले पडतात, मग दुप्पट लांबीचा एक, मग पुन्हा चांगले. आणि शिवण सुरू करताना कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो, कधीकधी इतका की चाकच अडतं. हे कधीपासून, असं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "दप्तराची चेन बसवत होते गं, सुई चेनीच्या दातांवर आपटून मोडली. तेव्हापासनं हे असंच." त्यानंतर एका कारागिराला दाखवलं. त्याने बॉबिन केस नवीन घातली, वरच्या दोऱ्याचं टेन्शन आवळून दिलं आणि २५० रुपये घेतले. गुंता थोडा कमी झाला, टाके सुटायचे ते सुटतच राहिले.

आज एकही स्क्रू हलवला नाही. वरच्या टेन्शनच्या नटावर आकडे नाहीत, म्हणून नट आणि त्याच्या मागची चकती यांवर नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढली. बॉबिन केसच्या बारीक स्क्रूचा जवळून फोटो घेतला. आधी काय होतं ते माहीत असलं की फिरवलेलं परत जागेवर आणता येतं.

नमुना शिवून घेतला. गणवेशाचंच जाड सुती कापड, दोन पदर, वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा. दोन रंग घेतले की कुठला दोरा कुठे गेला ते लगेच दिसतं. सुटलेल्या टाक्याच्या जागी लाल दोरा वर सरळ पडलेला आणि खाली पांढरा दोराही सरळ, म्हणजे त्या जागी दोघांची गाठच पडलेली नाही. सुरुवातीच्या गुंत्यात मात्र खाली जवळजवळ सगळा लाल दोरा होता. तुकडा वहीला टाचून ठेवला.

या एका तुकड्यावरून एवढं कळलं की हे दोन निरनिराळे बिघाड आहेत. टाका सुटतो तो शटलच्या टोकाला सुईच्या दोऱ्याचा फास सापडत नाही म्हणून. खालचा गुंता होतो तो वरचा दोरा सैल सुटतो म्हणून. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि टेन्शन आवळून सुटलेला टाका भरून येत नाही.

५ जून

आज फक्त गुंता.

मशीन अडलेल्या अवस्थेतच होतं. कापड ओढलं नाही. ओढलं की सुई वाकते, किंवा दोरा शटलच्या मागे आणखी घट्ट बसतो. कापड दाबून धरणारं फूट वर केलं, कापड आणि प्लेट यांच्या फटीतून बारीक कात्रीने दोरे कापले, मग चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत राहिले. जोर लावायचा नाही, नुसतं डोलवायचं. दोऱ्याचा तुकडा सुटून बाहेर आला आणि चाक मोकळं झालं.

मग सरकपट्टी काढली, बॉबिन केस काढली आणि शटल बाहेर घेतलं. या मशीनला शटल धरून ठेवणाऱ्या रिंगला खिट्ट्या आहेत, त्या बाहेर वळवल्या की रिंग सुटते. काही मशीनना तिथे स्क्रू असतो. रिंग काढायच्या आधी चाक फिरवून सुई पूर्ण वर घ्यायची, आणि शटल कुठल्या तोंडाने बसलंय त्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे परत बसवताना डोकं खाजवावं लागत नाही.

आत, शटल फिरतं त्या गोल खाचेत, निळ्या-लाल दोऱ्यांचे तुकडे, कापडाची लव आणि चिकट तपकिरी थर. तो थर खोबरेल तेलाचा. घरात मशीनचं तेल संपलं की खोबरेल घालायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. खोबरेल काही दिवसांत घट्ट होतं, थंडीत तर गोठतंच, आणि त्यात लव अडकून लगदा बनतो. हा लगदा काडीने खरवडताना काडीच्या टोकाला चमकणारं काहीतरी लागलं. मोडलेल्या सुईचं टोक होतं ते, जेमतेम तांदळाच्या निम्म्याएवढं. म्हणजे चेनीवर सुई मोडल्यापासून हा तुकडा शटलच्या वाटेतच होता. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे जुळवून पाहायचे ते यासाठी. एखादा सापडला नाही तर सरकपट्टी उघडून, लोहचुंबक फिरवून शोधायचा, त्याशिवाय पायडल मारायचं नाही.

जुन्या दात घासायच्या ब्रशला रॉकेल लावून खाच आणि शटल धुतलं, सुती फडक्याने कोरडं पुसलं, खाचेत मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला. चाक लगेच हलकं फिरू लागलं.

आता वरचा दोरा. फूट खाली असताना टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात, फूट वर केलं की त्या सैल होतात. म्हणून दोरा ओवायचा तो नेहमी फूट वर करून. खाली असताना ओवला तर दोरा चकत्यांच्या मध्ये जातच नाही, कडेला बसून राहतो, आणि दिसायला मात्र सगळं बरोबर ओवलेलं दिसतं. मावशी बरोबरच ओवत होत्या. तरीही सुईजवळ दोरा धरून ओढला तर फूट वर असो की खाली, तो सारखाच सहज येत होता. म्हणजे चकत्या बंद होत नव्हत्या.

फूट वर ठेवून सुती कापडाची अरुंद पट्टी चकत्यांच्या मधून दोन्ही टोकांना धरून मागेपुढे ओढली. पट्टीबरोबर दोऱ्याचा दबून चपटा झालेला तुकडा आणि काळी भुकटी बाहेर आली. त्या तुकड्यामुळे चकत्या कायम थोड्या उघड्या राहत होत्या. कारागिराने नट आवळला होता तो हे झाकायला. नट आवळल्याने चकत्या थोड्या जवळ आल्या असणार, गुंता कमी झाला असणार, पण चकत्यांतला दोरा तसाच राहिला.

साफ केल्यावर फूट खाली घेऊन दोरा ओढला तर तो इतका घट्ट की सुई वाकू लागली. नट सैल केला, दोरा बोटाला जाणवेल एवढ्या ताणाने पण धक्के न खाता येईपर्यंत. नेलपॉलिशच्या रेघेपासून हा फरक जवळजवळ दीड फेऱ्यांचा आहे.

नमुना: गुंता गेला. सुरुवातीचे दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची शेपटं फुटाखालून मागे घेऊन धरून ठेवायची, एवढं मावशींना सांगितलं. टाके सुटणं जसंच्या तसं.

६ जून

सुई. टाका सुटला की पहिली सुई बदलायची, हे शिवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. मावशींनीही बदलली होती. तरी सगळं पुन्हा पाहिलं, कारण नवीन सुईसुद्धा चुकीची असू शकते.

सुई काढून तिची चपटी बाजू मोबाइलच्या काचेवर ठेवली आणि उजेडाकडे धरून पाहिलं. सुई आणि काच यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी हवी. सरळ होती. टोक जुन्या नायलॉनच्या ओढणीवर हलकं फिरवलं, धागा ओढला गेला नाही. म्हणजे टोकही चांगलं.

सुईचा वरचा भाग एका बाजूने चपटा आहे का, हे बघायला हवं. शिंप्यांच्या मोठ्या मशीनची सुई वरच्या भागात पूर्ण गोल असते आणि तिची लांबीही वेगळी. ती या मशीनमध्ये कशीबशी बसते, पण नेढं चुकीच्या उंचीला येतं. दुकानात सुई मागताना "घरगुती मशीनची, चपटी" असं सांगायचं. ही चपटीच होती.

चपटी बाजू कुठल्या अंगाला, यावर लोक डावी-उजवी सांगतात आणि ते दुसऱ्याच मशीनला लागू असतं. माझी पद्धत अशी: सरकपट्टी उघडून चाक हळू फिरवायचं आणि शटलचं टोक सुईच्या कुठल्या अंगाने जातं ते पाहायचं. चपटी बाजू त्या अंगाला. सुईवरची लांब पन्हळ त्याच्या विरुद्ध अंगाला येते, आणि दोरा पन्हळीच्या बाजूने ओवायचा. सुई खाली जाताना दोरा त्या पन्हळीत लपतो. वर येऊ लागली की चपट्या बाजूला, नेढ्याच्या वर जो खोलगट भाग आहे तिथे फास फुगतो, आणि शटलचं टोक तिथेच येतं. सुई उलटी बसली तर फास टोकाच्या पलीकडच्या अंगाला होतो.

तिसरं, सुई वरपर्यंत पोचली आहे का. पकड सैल करून सुई वर ढकलली, टेकेपर्यंत. ती आधीच टेकलेली होती.

फक्त नंबर बदलला. लावलेली सुई १४ ची होती, गणवेशाचं कापड जाड आणि शिवणीच्या जोडावर चार पदर. १६ नंबरची घातली. दहा सुयांचं पाकीट ६० रुपयांना मिळालं. सुटणारे टाके कमी झाले, पण गेले नाहीत. बारीक सुई जाड कापडात झुकते आणि शटलपासून लांब जाते, त्यामुळे थोडा फरक पडला असणार. मूळ कारण दुसरं आहे.

८ जून

बॉबिन बघून टाकली. मावशींच्या डब्यात लोखंडी बॉबिन आणि प्लॅस्टिकच्या बॉबिन एकत्र आहेत. एका लोखंडी बॉबिनची कड वाकलेली, ती केसमध्ये घासत होती. ती बाजूला काढली. एका प्लॅस्टिकच्या बॉबिनवर दोरा पोकळ गुंडाळलेला होता, बोटाने दाबला तर आत जातो. असा दोरा मध्येच झटका देतो. तो उलगडून भरताना दोरा ताणाच्या चकतीतून नीट घेतला.

बॉबिन केसची परीक्षा: बॉबिन घालून, दोरा खाचेतून पट्टीखाली घेऊन केस दोऱ्याला लटकवायची. ती आपोआप खाली घसरली तर सैल, हलका झटका दिल्यावरही हलली नाही तर घट्ट. झटक्याला दोन बोटं खाली येऊन थांबली तर बरोबर. नवीन घातलेली केस बरोबर थांबते. तिचा स्क्रू हलवला नाही. तो स्क्रू हलवायची वेळ क्वचित येते, आणि आली तर घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढाच.

टाके सुटतातच.

९ जून

आज कारण सापडलं.

फूट आणि सुईखालची प्लेट काढली, बॉबिन केस काढली, मोबाइलचा टॉर्च खालून लावला आणि चाक आपल्याकडे, केसभर केसभर फिरवलं. असं पाहायचं असतं: सुई सगळ्यात खाली जाते, मग वर येऊ लागते. साधारण अडीच मिलिमीटर वर आली की शटलचं टोक तिच्यापाशी पोचतं, आणि त्या क्षणी टोक नेढ्याच्या वरच्या कडेपेक्षा साधारण दीड मिलिमीटर वर असायला हवं. फास सर्वांत रुंद असतो तो तिथे.

इथे टोक नेढ्याच्या अगदी समोर येत होतं. दोरा ओवून पुन्हा फिरवलं तर दिसलं की टोक कधी फासाच्या तळाला शिवून जातं, कधी दोऱ्याच्या पिळात घुसतं. पिळात घुसलं की टाका पडतो, पण दोरा उसवल्यासारखा होतो. गेल्या नमुन्यात लाल दोऱ्याला मध्येच जी लव आली होती ती याचीच.

टोक सुईच्या मानाने खाली येतंय, म्हणजे एकतर शटलची वेळ चुकली, नाहीतर सुईच वर सरकली. शटलची वेळ खालच्या दांड्यांवरून ठरते, ती आपोआप सहसा बिघडत नाही. सुई वर सरकायला मात्र कारण घडलेलं होतं. ती चेनीच्या धातूवर आपटली होती.

मशीनच्या डाव्या टोकावरची उभी पट्टी काढली. आत सुईची उभी दांडी दिसते, आणि तिला मधोमध धरणारा एक ठोकळा. ठोकळ्यातला स्क्रू दांडीला आवळून धरतो, आणि ठोकळा वरखाली होतो तशी दांडी होते. टॉर्च धरला. दांडीवर वर्षानुवर्षांचा तपकिरी तेलाचा पापुद्रा आहे, फक्त ठोकळ्याच्या वरच्या कडेला लागून एक पट्टा पांढराशुभ्र चकचकीत. दांडीचा हा भाग आजवर ठोकळ्याच्या आत झाकलेला होता. दणका बसला, दांडी पकडीतून वर सरकली आणि आतला स्वच्छ भाग उघडा पडला. मोजपट्टी लावून पाहिली, पट्टा दीड मिलिमीटरच्या आसपास.

शटलच्या टोकाचा फरकही तेवढाच होता. दोन्ही मोजमापं जुळली, तेव्हा खात्री पटली. काही मशीनच्या दांडीवर उंचीसाठी कोरलेल्या बारीक रेघा असतात. त्या असतील तर काम आणखी सोपं. या दांडीवर त्या मला दिसल्या नाहीत, पण तेलाच्या डागाने तेच काम केलं. म्हणून पट्टी उघडल्या उघडल्या रॉकेलने पुसून घ्यायची घाई करू नये.

१० जून

दांडी खाली आणायची.

सुई सगळ्यात खाली येईल असं चाक ठेवलं. ठोकळ्याच्या स्क्रूला पूर्ण बसेल असा रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर हवा. लहान पात्याने खाच झिजते आणि मग स्क्रू निघतही नाही, आवळतही नाही. रॉकेलचा थेंब सोडून थोडा वेळ थांबले, मग स्क्रू अर्धी फेरी सैल केला. पूर्ण सैल केला तर दांडी धपकन खाली येते.

दांडी नुसती वरखाली होत नाही, ती स्वतःभोवती फिरूही शकते, आणि फिरली तर सुईची चपटी बाजू शटलकडून तिरकी होते. म्हणून सैल करण्याआधी सुई धरणाऱ्या स्क्रूचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्याचा समोरून फोटो घेतला.

स्वच्छ पट्टा ठोकळ्यात जाईपर्यंत दांडी बोटांनी खाली दाबली आणि आवळलं. हाताने फिरवून पाहिलं तर टोक नेढ्याच्या वर, हवं तिथे. पण दोन पदरी कापडावर सरळ शिवण आली आणि चार पदरी जोडावर एक टाका सुटला. फोटोशी ताडलं तर आवळताना दांडी स्क्रूबरोबर किंचित वळली होती. सुईचा स्क्रू फोटोतल्यापेक्षा थोडा पुढे आलेला. पुन्हा सैल केलं. या वेळी सुईचा स्क्रू एका हाताच्या चिमटीत घट्ट धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने आवळलं. शेवटचं आवळणं दमदार हवं, नाहीतर जाड कापडावर दांडी परत वर चढेल.

पायडल मारण्याआधी बॉबिन केस आणि प्लेट बसवून चाक हाताने कितीतरी वेळा पूर्ण फिरवलं. कान लावून ऐकायचं, कुठे टिक असा आवाज येतो का. दांडी गरजेपेक्षा खाली आली तर सुई बॉबिन केसवर किंवा शटलवर आपटते. आवाज आला नाही. सुई आणि शटलचं टोक यांच्यात फट हवी, पण कागदाएवढीच. टोक सुईला घासून ती बाजूला ढकलत असेल तर तेही चूक.

नमुना: दोन पदर, हातभर शिवण, एकही टाका सुटला नाही. चार पदर, एकही नाही. मावशींनी तुकडा उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि गणवेशाची बाही तिथेच घेऊन बसल्या.

११ जून

संध्याकाळी मावशींचा निरोप. टाके पडतात, पण बराच वेळ शिवल्यावर वरचा दोरा तुटतो.

दोरा तुटल्याच्या जागी टोक पिंजलेलं होतं. एकदम कापल्यासारखं टोक असेल तर नेढ्याची धार किंवा प्लेटच्या भोकाची कड पाहायची. पिंजलेलं असेल तर दोरा कशावर तरी पुन्हा पुन्हा घासतोय. शटल परत काढलं आणि कापसाचा पुंजका टोकावरून आणि कडेवरून फिरवला. टोकाच्या जरा मागे कापसाचे तंतू अडकले. नखालाही तिथे बारीक कूस लागते. तो मोडक्या सुईच्या तुकड्याचा ओरखडा. इतके दिवस तुकडा तिथे फिरत होता.

१००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून काडीभोवती गुंडाळला आणि ओरखड्यावर टोकाच्या दिशेने हलके हात मारले, कापूस अडकेनासा होईपर्यंत. टोकाला हात लावला नाही. टोक घासून धारदार करायला गेलं की ते आखूड होतं, आणि मग कालची सगळी मापं चुकतात. टोकच बोथट किंवा तुटलेलं असतं तर शटल नवीन घेतलं असतं. दुकानात १२० रुपये सांगितले होते. जुनं सोबत नेऊन शेजारी ठेवून जुळवून घ्यायचं, कारण नावाने सारखी वाटणारी शटलं बसायला वेगळी निघतात.

प्लेटच्या भोकाची कडही पाहिली. चेनीच्या दणक्याने तिथेही एक खरचटा होता. दोऱ्याला पॉलिश पेपर चोळून तो दोरा भोकातून ओढून कड गुळगुळीत केली. मग सगळं पुसून, तेल देऊन बसवलं.

१२ जून

आता टेन्शन. हे शेवटी ठेवलं होतं, कारण सुईची उंची, शटल, चकत्या हे नीट नसताना जुळवलेलं टेन्शन दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवावं लागतं.

लाल वर, पांढरा खाली, दोन पदर. पांढरे ठिपके वर दिसत होते, म्हणजे वरचा दोरा जास्त ओढतोय. नट पाव फेरी सैल, पुन्हा शिवण. मग खालच्या बाजूला लाल ठिपके दिसू लागले, म्हणजे वरचा जरा सैल. अर्ध्या पावाने आवळलं. आता वर फक्त लाल, खाली फक्त पांढरा, आणि गाठ दोन पदरांच्या मध्ये. तुकडा आडवा ताणून पाहिला, दोन्हीकडचे दोरे सारखे ताणले गेले, कुठलाच तुटला नाही. नटावर नेलपॉलिशची नवी रेघ मारली, जुनी पुसून टाकली.

१४ जून

मावशींकडे खेळाच्या तासाचे होजिअरीचे टी-शर्ट आले, आणि त्यांच्यावर टाके पुन्हा सुटले. सुती कापडावर तेच मशीन तेव्हाच बिनचूक. हा मशीनचा दोष नाही. ताणणारं कापड सुईबरोबर वर उचललं जातं, त्यामुळे फास फुगतच नाही. शिवाय साध्या सुईचं अणकुचीदार टोक विणीचे धागे तोडतं. तिथे गोल टोकाची, बॉलपॉइंटची सुई लागते. १४ नंबरची घातल्यावर सरळ शिवणीत टाके सुटणं थांबलं. पण सरळ टाक्याची शिवण ताणल्यावर तुटते ती तुटतेच, गळ्याला आणि बाहीच्या घेराला हे मशीन चालणार नाही. तेवढं काम ओव्हरलॉकवाल्याकडे द्यायचं ठरलं.

पँटच्या चार शिवणी एकत्र येतात त्या जोडावर चढताना फूट पुढून उचललं जाऊन तिरकं होतं आणि एखादा टाका आखूड पडतो. त्याच कापडाची घडी फुटाच्या मागच्या बाजूला, तेवढ्याच जाडीची, सरकवली की फूट सपाट राहतं. जोड आला की पायडल सोडून चाक हाताने फिरवायचं.

खर्च: सुती कापडाच्या सुया ६०, बॉलपॉइंटच्या सुया ९०, मशीनचं तेल ४०, पॉलिश पेपर २०. रॉकेल घरात होतं. कारागिराचे २५० वेगळे. चेनीसाठी मावशींनी एका बाजूचं अरुंद फूट आणायला सांगितलंय. तोवर चेनीच्या धातूच्या टोकाजवळचे शेवटचे टाके हाताने चाक फिरवून घेतात.